‘आहेस’ आणि ‘केलंस’

महिन्याच्या १९ तारखेला संध्याकाळी साडेसात वाजता मी आमच्या ऑफिसच्या हॉलमध्ये उभी राहून एका मुलाला म्हणाले, “लक्ष कुठे असतं तुझं? इतका निष्काळजी कसा आहेस रे?” आजूबाजूला सहा-सात जण आपापल्या स्क्रीनकडे पाहत होते. म्हणजे पाहत असल्याचं दाखवत होते. तो म्हणाला, “सॉरी मॅडम.” मी माझ्या टेबलाकडे परत आले आणि मला वाटलं, झालं, सांगून टाकलं एकदाचं.

मी गेली सतरा वर्षं सीएच्या ऑफिसात आहे. आमच्याकडे आर्टिकलशिपला मुलं येतात. वय एकवीस-बावीस, अभ्यास डोक्यावर, आणि त्यांना शिकवायचं काम कागदोपत्री सरांचं असलं तरी प्रत्यक्षात माझ्यासारख्यांचं. हा मुलगा हुशार. त्या संध्याकाळनंतर चार दिवसांत त्याच्यात एक बदल दिसला. तो प्रत्येक आकडा मला दाखवायला आणू लागला. विजेच्या बिलाची नोंद कुठल्या खात्यात टाकू, हेही विचारायला उठून यायचा. क्लायंटचा फोन वाजला की दुसऱ्याकडे द्यायचा. बरं, मी ज्या कारणासाठी ओरडले होते ते त्याला कळलं होतं का? नव्हतं. त्याला एवढंच कळलं होतं की या बाईंपासून सांभाळून राहायचं.

आधी काय घडलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. जीएसटी भरणाऱ्या छोट्या कारखानदाराचं मासिक विवरणपत्र, आमच्या बोलीत ‘थ्री-बी’, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं असतं. विक्रीवर गोळा केलेल्या करातून खरेदीवर दिलेला कर वजा करायचा आणि उरलेली रक्कम भरायची. पण खरेदीवरचा कर वजा करायला नुसतं बिल हातात असून चालत नाही. ज्याच्याकडून माल घेतला त्यानं आपल्या विवरणपत्रात ते बिल दाखवलेलं असावं लागतं. त्यानं दाखवलं की ते १४ तारखेला पोर्टलवर तयार होणाऱ्या ‘टू-बी’ नावाच्या तक्त्यात उतरतं. म्हणून १४ नंतर टू-बी डाउनलोड करायची, क्लायंटच्या खरेदीच्या वहीशी ओळ न् ओळ ताडून पाहायची, आणि मगच भरायचा आकडा काढायचा. आम्ही याला ‘मॅचिंग’ म्हणतो.

आमचा एक क्लायंट एमआयडीसीत फॅब्रिकेशनची शेड चालवतो. १७ तारखेला त्याचा फोन आला आणि या मुलानं त्याला आकडा सांगितला : १,१२,००० रुपये. हा आकडा खरेदीच्या वहीवरून काढलेला होता, मॅचिंग व्हायचं होतं. १९ ला संध्याकाळी मी फाइल उघडली तेव्हा दोन लाखांच्या पत्र्याचं एक बिल टू-बीत नव्हतंच. विकणाऱ्यानं अजून दाखवलं नव्हतं. १८ टक्के दरानं त्याच्यावरचा कर ३६,००० रुपये. भरायचा आकडा झाला १,४८,०००. क्लायंटनं मात्र १७ च्या आकड्यावर विसंबून एक लाख बारा हजार बाजूला ठेवले होते आणि उरलेल्या पैशांतून कामगारांचे पगार वाटून टाकले होते. मी फोन केला तेव्हा तो काही क्षण गप्पच राहिला. दुसऱ्या दिवशी मेहुण्याकडून उसने घेऊन त्यानं पैसे उभे केले. विवरणपत्र २० ला रात्री आठला गेलं. वेळेत गेलं, हे लक्षात ठेवा. पुढे कामी येणार आहे.

तर, मी जे बोलले त्यानं काही साधलं नाही हे चार दिवसांत दिसलं. आमच्या सरांनी काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे एसबीआय नावाची पद्धत शिकवली होती. मागच्या रांगेतून कुणीतरी “कुठली शाखा?” असं विचारलं होतं आणि तेवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. स्टेट बँकेशी तिचा काही संबंध नाही. सिच्युएशन, बिहेविअर, इम्पॅक्ट या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. प्रसंग, कृती, परिणाम. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ग्रीन्सबरो गावी १९७० साली सुरू झालेल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या संस्थेनं ती घडवली. २००० साली स्लोन वाइट्झेल यांची एक छोटी पुस्तिका संस्थेनं काढली, तिच्यात ती मांडलेली आहे. सांगायचं म्हटलं तर एका वाक्यात संपते : अमुक वेळी अमुक ठिकाणी तू अमुक केलंस आणि त्याचं अमुक झालं. एवढंच. ऐकताना वाटतं, यात शिकण्यासारखं काय आहे? मलाही वाटलं होतं. मी वही काढून त्या १९ तारखेच्या प्रसंगावर ही तीन वाक्यं लिहायला बसले आणि पाऊण तास गेला.

प्रसंगाचं वाक्य सोपं असतं, पण तिथेही मराठी माणूस घसरतो. आपण सुरुवात करतो ती ‘हल्ली’नं. “हल्ली तुझं कामात लक्ष नाही.” नाहीतर ‘नेहमी’नं, ‘दरवेळी’नं. या शब्दांची अडचण अशी की समोरचा लगेच मनात अपवाद शोधू लागतो. मागच्या आठवड्यात रविवारी येऊन काम केलं ते? ती ऑडिटची फाइल? आणि अपवाद सापडतोच, कारण ‘नेहमी’ कधी खरं नसतं. मग पुढचं तो ऐकत नाही, खटला लढतो. प्रसंग सांगायचा तो इतका नेमका, की दोघांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहावं. “१७ तारखेला दुपारी त्या फॅब्रिकेशनवाल्यांचा फोन आला होता तेव्हा.” बस. यात वाद घालायला जागा नाही.

खरी मेख दुसऱ्या वाक्यात आहे. मी वहीत पहिल्यांदा लिहिलं : ‘तू निष्काळजी आहेस.’ खोडलं, कारण प्रशिक्षणात सांगितलेलं आठवलं, माणसाचं वर्णन करायचं नाही, कृतीचं करायचं. मग लिहिलं : ‘तू निष्काळजीपणा केलास.’ आता क्रियापद आलं, म्हणून मला बरं वाटलं. पण जरा वेळानं पाहिलं तर तोच शिक्का, फक्त ‘आहेस’ काढून ‘केलास’ चिकटवलेला. मराठीत ‘करणे’ हे क्रियापद फार भोळं आहे, कशालाही लागतं. दुर्लक्ष केलंस, हलगर्जी केलीस, घोळ केलास, आगाऊपणा केलास. ही सगळी वाक्यं कृतीची वाटतात आणि एकही कृतीचं नाही. तिसऱ्यांदा लिहिलं : ‘तू घाई केलीस.’ हेही नाही. घाई हा माझा निष्कर्ष आहे. त्यानं घाई केली, की निवांत विचार करून चुकीचं केलं, हे मला कुठे ठाऊक होतं?

तेव्हा मी एक चाळणी लावली, आणि ती मला अजून उपयोगी पडते. आमच्या हॉलच्या कोपऱ्यात सीसीटीव्ही आहे. त्याला आवाजही ऐकू येतो असं धरू. त्या कॅमेऱ्यात काय टिपलं गेलं असतं? निष्काळजीपणा टिपला जात नाही. घाई टिपली जात नाही. टिपलं गेलं असतं ते हे : फोन वाजला, मुलानं उचलला, समोरच्याला म्हणाला, “काका, एक लाख बारा हजार भरायचे आहेत,” आणि फोन ठेवला. झालं की माझं वाक्य. ‘तू त्यांना एक लाख बारा हजार हा आकडा सांगितलास.’

पण माझी तक्रार अर्धी राहत होती. आकडा सांगणं हा गुन्हा नाही, मॅचिंगच्या आधी सांगणं हा प्रश्न आहे. आणि ‘मॅचिंग केलं नाहीस’ हे कॅमेऱ्याला कसं दिसणार? न केलेली गोष्ट कधीच दिसत नाही. आपण ती गृहीत धरतो. म्हणून मी संगणकावर जाऊन पाहिलं. त्या क्लायंटच्या फोल्डरमध्ये टू-बीची फाइल होती, तिची तारीख होती १८. म्हणजे १७ ला ती डाउनलोडच झालेली नव्हती. आता मी खात्रीनं म्हणू शकत होते : ‘तू आकडा सांगितलास तेव्हा टू-बी अजून डाउनलोड केलेली नव्हती.’ आणि हे पाहताना दुसरीही एक गोष्ट दिसली. १८ ला त्यानं स्वतःच फाइल उतरवली होती. मॅचिंगचा तक्ताही अर्धा भरलेला होता. म्हणजे तो ते विसरला नव्हता, करत होता. १९ च्या संध्याकाळी सगळ्यांसमोर ‘निष्काळजी’ म्हणताना मी ते फोल्डर उघडून पाहिलं नव्हतं.

एसबीआय पद्धतीचा खरा उपयोग, माझ्या मते, इथेच आहे. समोरच्याला बरं वाटावं म्हणून शब्द मऊ करायची ती युक्ती आहे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ती बोलणाऱ्यालाच कामाला लावते. कृतीचं वाक्य नेमकं लिहायला गेलं की आपल्याला काय माहीत आहे आणि आपण काय धरून चाललोय, हे वेगळं होतं. कित्येकदा तिथेच कळतं की बोलायला आपल्याकडे पुरेसं काही नाहीच.

शिक्का का मारायचा नाही, याला नुसत्या चांगुलपणापलीकडचं कारण आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या दोन अभ्यासकांनी १९९६ साली तोवर झालेले फीडबॅकवरचे प्रयोग एकत्र करून तपासले. सहाशेहून अधिक निष्कर्ष त्यांच्यापुढे होते. सरासरी काढली तर फीडबॅकनं काम सुधारतं, हे दिसलंच. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक दिल्यावर काम आधीपेक्षा खालावलं होतं. न बोलते तर बरं, अशी स्थिती. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला आमच्या हॉलमध्ये दिसलं : फीडबॅकमुळे माणसाचं ध्यान कामावरून उडून स्वतःवर गेलं, की त्याचा गुण कमी होत जातो. ‘टू-बी डाउनलोड नव्हती’ ऐकलं की डोकं टू-बीचा विचार करतं. ‘निष्काळजी आहेस’ ऐकलं की डोकं विचार करतं, मी निष्काळजी आहे का? सगळ्यांना आता तसं वाटतंय का? सर काय म्हणतील? त्यात टू-बी कुठल्या कुठे जाते. मग तो विजेचं बिलही विचारून टाकतो.

आता परिणाम. इथे मोह असतो तो वाढवून सांगण्याचा. त्या संध्याकाळी मी आणखीही एक वाक्य बोलले होते, ते लिहायची लाज वाटते : “उद्या हे गेलं नसतं तर हजारोंचा दंड बसला असता क्लायंटला.” त्या मुलानं तेव्हा काही म्हटलं नाही, पण तो परीक्षेचा अभ्यास करतोय, त्याला दर पाठ आहेत. छत्तीस हजारांवर वर्षाला १८ टक्के व्याज म्हणजे दिवसाला जेमतेम अठरा रुपये. उशिराचं शुल्क दिवसाला पन्नास. एक दिवस उशीर झाला असता तर सत्तर रुपयांच्या आत प्रकरण होतं. शिवाय झालाच नाही उशीर. आणि ते छत्तीस हजार बुडाले का? नाही. पत्रेवाल्यानं पुढच्या महिन्यात बिल दाखवलं की ते वजा मिळणारच. म्हणजे ‘हजारोंचा दंड’ म्हणताच माझी बाजू लंगडी पडली आणि ते माझ्यापेक्षा त्याला आधी कळलं.

परिणाम सांगायचा तो घडलेला. घडला असता तो नव्हे. मग घडलं काय? क्लायंटला एका दिवसात छत्तीस हजार उसने आणावे लागले. मेहुण्याकडे हात पसरावा लागला. ते त्यानं मला फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाला, “मॅडम, यापुढे तुमच्या ऑफिसातून आकडा आला तरी मी दोन दिवस थांबणार.” मला ते लागलं. आमच्या धंद्यात आम्ही दुसरं विकतो काय? आकडा सांगितला की माणसानं त्यावर विसंबून पैसे हलवावेत, एवढंच. हा परिणाम दंडापेक्षा मोठा होता, खरा होता, आणि मी तो त्या मुलाला सांगितलाच नव्हता. उसनवारीची गोष्ट त्याला माहीतसुद्धा नव्हती.

परिणामाचं वाक्य ‘मला’ असं घेऊन बोलावं, असं शिकवतात. “मला चिंता वाटली.” “माझा गोंधळ उडाला.” हे बरोबर आहे, कारण आपल्याला काय वाटलं यावर समोरचा वाद घालू शकत नाही. पण आपल्याकडे वरिष्ठानं “मला वाईट वाटलं” म्हटलं की कनिष्ठाच्या कानाला ते वेगळं ऐकू येतं. मॅडम नाराज आहेत, म्हणजे आता काही खरं नाही. म्हणून मी माझ्या वाटण्याचं एकच वाक्य ठेवते आणि कामावरचा परिणाम आधी सांगते.

२२ तारखेला दुपारी, जेवणानंतर, मी त्याला आतल्या खोलीत बोलावलं. २० च्या रात्री बोलले असते तर दोघंही थकलेले होतो. महिनाभरानं बोलले असते तर त्याला फोन आठवलाही नसता. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायचाही विचार आला होता, पण लिहिलेलं वाक्य माणूस रात्री दहा वेळा वाचतो आणि दर वेळी त्यातला सूर आणखी कडक ऐकू येतो.

दार लोटलं आणि तो उभाच राहिला. मी म्हटलं, “बस. आधी एक सांगते. १९ तारखेला हॉलमध्ये सगळ्यांसमोर मी तुला निष्काळजी म्हटलं. तुझं फोल्डर न बघता म्हटलं. ते चुकलं माझं.” तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. मग मी वहीतली तीन वाक्यं बोलले, जवळजवळ तशीच. “१७ तारखेला दुपारी फॅब्रिकेशनवाल्यांचा फोन आला होता. तू त्यांना एक लाख बारा हजार सांगितलंस, आणि तेव्हा टू-बी उतरवलेली नव्हती. त्या आकड्यावर त्यांनी बाकीचे पैसे पगारात वाटले, आणि २० ला त्यांना मेहुण्याकडून छत्तीस हजार उसने घ्यावे लागले. मला म्हणाले, आता तुमच्या आकड्यावर मी लगेच विश्वास ठेवणार नाही.”

आणि गप्प बसले. हे गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं. जीभ शिवशिवते. “म्हणून म्हणते बाबा, पुढच्या वेळी” असं वाक्य ओठांवर येतं, आणि ते आलं की संभाषण संपतं, प्रवचन सुरू होतं.

तो म्हणाला, “उसने घेतले? मला वाटलं काका रागावलेत फक्त.”

या पद्धतीला पुढे त्याच संस्थेनं चौथं अक्षर जोडलं, ‘इंटेंट’चं, हेतूचं. तीन वाक्यं सांगून झाली की विचारायचं, तुझ्या मनात काय होतं? प्रश्न साधा, पण सुरावर सगळं आहे. “काय डोक्यात होतं तुझ्या?” हे मराठीत प्रश्नचिन्ह लावलेलं ओरडणंच असतं. आणि ‘का’नं सुरू होणारा प्रश्न, “का सांगितलास आकडा?”, यालाही उत्तर म्हणून फक्त सबब येते. मी विचारलं, “तो फोन आला तेव्हा काय चाललं होतं, सांग ना जरा.”

त्यानं सांगितलं ते असं. क्लायंटचा तो त्या दिवसातला तिसरा फोन होता. आधीच्या दोन वेळी यानं ‘बघतो’ म्हटलं होतं. आणि आदल्या आठवड्यात माझ्याच तोंडून सोमवारच्या बैठकीत एक वाक्य गेलं होतं : “क्लायंटला ताटकळत ठेवू नका, विचारलं की काहीतरी आकडा द्या.” मी ते दुसऱ्याच एका मुलीला, दुसऱ्याच कामाबद्दल, वैतागून म्हटलं होतं. यानं ते मनावर घेतलं होतं. “तुम्हीच म्हणाला होतात मॅडम,” असं त्यानं म्हटलं नाही. तो म्हणाला, “सोमवारी तसं ठरलं होतं ना, म्हणून.” मराठीतला हा कर्माचा आडोसा फार सभ्य आहे.

दुसऱ्याच्या चुकीचं कारण त्याच्या स्वभावात आणि आपल्या चुकीचं कारण परिस्थितीत शोधायची माणसाची खोड जुनी आहे. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी तिच्या पहिल्या अर्ध्या भागाला १९७७ साली नावही दिलं. हेतू विचारल्याशिवाय ती खोड मोडत नाही, कारण त्याच्या बाजूची परिस्थिती फक्त त्यालाच माहीत असते. मी न विचारताच घरी गेले असते तर या मुलाला सुधारत बसले असते आणि सोमवारचं माझं वाक्य पुढची वर्षभर इतरांकडूनही असेच आकडे सांगवून घेत राहिलं असतं.

शेवटी ठरलं ते दोघांनी मिळून. मॅचिंगच्या आधी कुणी आकडा विचारला तर सांगायचा, पण ‘अंदाज’ हा शब्द लावून, आणि पक्का आकडा कधी मिळेल ते तारीख-वेळेसकट सांगून. शिवाय १५ तारखेला सगळ्या मासिक क्लायंटच्या टू-बी उतरवून ठेवायच्या. दुसरी सूचना त्याची. फॅब्रिकेशनवाल्यांना फोन करायचं त्यानं स्वतःहून घेतलं. मी शेजारी बसले नाही.

एक गोष्ट नमूद करायला हवी, नाहीतर ही पद्धत म्हणजे रामबाण असं वाटेल. मागच्या वर्षी एका मुलीच्या बाबतीत मी तीन वेळा एसबीआयनं बोलले. प्रसंग नेमका, कृती नेमकी, परिणाम खरा. तीनही वेळा ती मान डोलवून गेली आणि चौथ्या महिन्यात तीच चूक. मग एके दिवशी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, कर माझ्यासमोर. तेव्हा दिसलं, तिला एक्सेलमध्ये दोन याद्या ताडून पाहणं येतच नव्हतं. ती पाचशे ओळी डोळ्यांनी बघत होती. तिला फीडबॅक नको होता, अर्धा तास शिकवणी हवी होती. न येणाऱ्या गोष्टीचा परिणाम कितीही नेमका सांगितला तरी ती येत नाही. ओळखायची खूण अशी : सांगितल्यावर माणूस पटकन ‘हो’ म्हणतो, हरकत घेत नाही, हेतू विचारला तर गोंधळतो, आणि पुढच्या वेळी चूक तशीच्या तशी येते.

दुसरी मर्यादा, एसबीआय एका प्रसंगाचं चित्र काढते. सवय दाखवायची असेल तर एका प्रसंगानं भागत नाही. दोन-तीन तारखा हाताशी लागतात. त्या साठवून वर्षाच्या शेवटी अप्रेजलला एकदम बाहेर काढल्या, तर मात्र कितीही नेमक्या असल्या तरी समोरच्याला ती पाळत ठेवल्यासारखी वाटते. माझ्या वहीत आता तारखा असतात, पण आठवड्यापेक्षा जुनी नोंद न बोलता उरली तर मी ती खोडते. बोलायची होती तेव्हा बोलले नाही, हा माझा प्रश्न.

कौतुकालाही हीच पद्धत चालते, आणि तिथे आपण आणखी आळशी असतो. ‘छान’, ‘मस्त’, ‘वा’ यांच्यातून समोरच्याला नेमकं काय पुन्हा करायचं ते कळत नाही. मराठी वरिष्ठ तर कौतुक करतो तेच मुळी वाईट बातमीच्या आधी. “काम चांगलं आहे तुझं, पण...” या ‘पण’नं आमच्या पिढीचे कान इतके तयार झालेत की चांगलं वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो.

पुढच्या महिन्याच्या १८ तारखेला मी त्याच्या टेबलापाशी थांबले. म्हटलं, “सकाळी तो प्लायवूडवाल्यांचा फोन होता. तू त्यांना अंदाज म्हणून ऐंशी हजार सांगितलेस, आणि पक्का आकडा उद्या चारला देतो म्हणालास. आत्ता त्यांनी मला फोन केला. म्हणाले, बरं झालं वेळ सांगितली, तोवर चेक थांबवून ठेवतो.”

तो ऐकत होता. मी थांबले तरी तो माझ्याकडे बघतच राहिला.

“आणि?” त्यानं विचारलं.

“आणि काही नाही. डबा खाल्लास का?”